वक्राचा बाक आणि त्यागाची किंमत

खर्च म्हटला की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे पैसा येतो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र पैशाच्या पलीकडे पाहावे लागते. एका शेतात मका पेरला, तर त्याच हंगामात त्याच शेतात कपाशी घेता येत नाही. तेव्हा मक्याचा खरा खर्च बियाणे आणि मजुरी यांवर संपत नाही. त्या मक्यापायी जो कापूस हातचा गेला, तोही त्या खर्चाचा भाग होय. निवडलेल्या वस्तूसाठी सोडून द्यावी लागलेली दुसरी वस्तू, या अर्थाने या खर्चाला ‘वैकल्पिक परिव्यय’ असे नाव आहे. व्याख्या सोपी आहे आणि विद्यार्थी ती बिनचूक सांगतात. अडचण येते ती पुढच्या पायरीवर. फळ्यावर एक बाकदार रेषा काढली जाते, तिला ‘उत्पादन-शक्यता वक्र’ म्हटले जाते, आणि या रेषेवरून वैकल्पिक परिव्यय वाचून दाखवा असे सांगितले जाते. येथे पुष्कळांची गाडी अडते. कारण परिव्यय रेषेवरील कोणत्याही एका बिंदूत लिहिलेला नसतो. तो रेषेच्या उतारात असतो, आणि तो उतार कसा पालटतो हे रेषेच्या बाकात असते.

राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेचे सूक्ष्म अर्थशास्त्राचे पाठ्यपुस्तक देशातील अनेक शाळांत उच्च माध्यमिक वर्गांना लावलेले असते. त्यात मका आणि कापूस यांचा एक छोटा तक्ता आहे. आकडे इतके थोडे आहेत, की ते नुसते ऐकूनही ध्यानात राहावेत. एखाद्या अर्थव्यवस्थेने आपली सारी साधने कापसाकडे लावली, तर मका शून्य आणि कापूस १० एकके मिळतो. मका १ एकक हवा असेल, तर कापूस ९ उरतो. मका २ हवा असेल, तर ७. मका ३ हवा असेल, तर ४. आणि मका ४ हवा असेल, तर कापूस शून्य. या पाच शक्यतांना क्रमाने अ, ब, क, ड आणि इ अशी नावे देऊ. आडव्या अक्षावर मका आणि उभ्या अक्षावर कापूस मोजून हे पाच बिंदू मांडले आणि जोडले, की वरून उजवीकडे उतरत जाणारी आणि बाहेरच्या बाजूला फुगलेली एक रेषा तयार होते. आरंभी ती जवळजवळ आडवी चालते आणि शेवटी एकदम खाली कोसळते.

आता परिव्यय वाचण्याची रीत पाहावी. रेषेवरून उजवीकडे एक पाऊल टाकायचे, म्हणजे मका १ एककाने वाढवायचा, आणि त्या पावलाबरोबर आपण किती खाली उतरलो ते मोजायचे. अ पासून ब पर्यंत कापूस १० वरून ९ वर आला. म्हणून पहिल्या एकक मक्याचा परिव्यय १ एकक कापूस. ब पासून क पर्यंत तो ९ वरून ७ वर आला. म्हणून दुसऱ्या एककाचा परिव्यय २. तिसऱ्याचा ३ आणि चौथ्याचा ४. प्रत्येक पाऊल सारख्याच लांबीचे आहे, परंतु प्रत्येक पावलाची घसरण आधीच्या घसरणीहून मोठी आहे. रेषा बाहेरच्या बाजूला फुगलेली दिसते, याचा अर्थ एवढाच.

या वाचनात होणाऱ्या चुका ठरावीक आहेत. ‘ड’ बिंदूवर तिसऱ्या एकक मक्याचा परिव्यय किती, असे विचारले असता कोणी ६ असे उत्तर देतो. कारण १० पैकी ४ उरले, म्हणजे ६ गेले. परंतु हा तिन्ही एककांचा मिळून झालेला त्याग आहे. दुसरा कोणी ६ ला ३ ने भागून २ असे सांगतो. ती सरासरी झाली. तिसरा त्या बिंदूवरील कापसाला मक्याने भागतो आणि ४ भागिले ३ असे लिहितो. त्या बिंदूवर दोन पिकांचे प्रमाण काय आहे एवढेच या भागाकाराने कळते. त्याग किती झाला हे त्यातून मुळीच कळत नाही. बरोबर उत्तर ३ आहे, कारण प्रश्न शेवटच्या पावलाचा आहे. आपले वाचन बरोबर आहे की नाही, हे पाहण्याची एक साधी कसोटी आहे. प्रत्येक पावलाचे परिव्यय मांडून त्यांची बेरीज करावी. १, २, ३ आणि ४ यांची बेरीज १० होते आणि आरंभी हातात असलेला कापूसही १० च होता. बेरीज जुळली नाही, तर कोठेतरी पावलाऐवजी एकूण त्याग किंवा सरासरी वाचली गेली, असे खुशाल समजावे.

हेच वाचन उलट दिशेनेही करता येते. इ पासून डावीकडे निघाले, तर १ एकक मका सोडून ४ एकके कापूस मिळतो. म्हणजे एक एकक कापसाचा परिव्यय पाव एकक मका. पुढच्या पावलात १ एकक मक्याच्या मोबदल्यात ३ एकके कापूस मिळतो, म्हणून परिव्यय एक तृतीयांश, त्यापुढे अर्धा, आणि शेवटी पूर्ण एक. मक्याकडे जाताना मका महाग होत जातो, तसाच कापसाकडे जाताना कापूसही महाग होत जातो. रेषा एकच, बाकही एकच. परंतु कोणत्याही दिशेने निघाले, तरी पुढचे पाऊल मागच्या पावलाहून महाग पडते.

असे का व्हावे? कारण कळण्यासाठी रेषा आयती न घेता ती स्वतः उभारून पाहणे बरे. एका शेतकऱ्यापाशी चार सारख्या आकाराचे तुकडे आहेत अशी कल्पना करावी. पहिला मुरमाड, दुसरा हलक्या जमिनीचा, तिसरा मध्यम काळा आणि चौथा खोल काळ्या मातीचा. काळी माती ओल पुष्कळ दिवस धरून ठेवते, आणि कपाशीसारख्या लांब मुदतीच्या पिकाला ती ओल मानवते. मक्याच्या मुळाशी मात्र पाणी साचून चालत नाही. हिशेब सोपा राहावा म्हणून असे धरू, की कोणत्याही तुकड्यात मका लावला तर १ एककच मिळतो. परंतु कापूस मुरमाड तुकड्यात १, हलक्या तुकड्यात २, मध्यम काळ्यात ३ आणि खोल काळ्यात ४ एकके मिळतो.

चारही तुकड्यांत कपाशी लावली, तर एकूण कापूस १० होतो. हा ‘अ’ बिंदू झाला. आता घरात १ एकक मका हवा आहे. शहाणा शेतकरी मुरमाड तुकडा मक्याला देईल. कापूस १ एककच जाईल आणि ९ उरेल. आणखी मका हवा असेल, तर हलक्या तुकड्याची पाळी येईल. कापूस ७ उरेल. मग मध्यम काळा तुकडा, आणि सर्वांत शेवटी खोल काळा. पाठ्यपुस्तकातील तक्ता जशाच्या तसा उभा राहिला. ज्या जमिनीतून कापसाचे नुकसान सर्वांत कमी, ती आधी वापरली गेली. म्हणून प्रत्येक पुढची जमीन अधिक नुकसान करूनच मिळू शकली. रेषेचा बाक हा या क्रमाचा परिणाम होय.

परीक्षेत या ठिकाणी बहुधा घटत्या उत्पादन-फलाचा नियम लिहिला जातो. कारखान्यातील यंत्रे तेवढीच ठेवून कामगार वाढवीत गेले, तर त्या नियमानेही रेषेला बाक येऊ शकतो, हे खरे आहे. परंतु वरील शेतात कोणताही तुकडा थकलेला नाही. प्रत्येकाचे उत्पन्न शेवटपर्यंत ठरलेलेच आहे. तरीही बाक आला. तेव्हा येथे कारण निराळे आहे. साधने सर्व कामांना सारखीच उपयोगी नसतात, हे ते कारण.

यातही एक बारकावा आहे. काही जमिनी चांगल्या आणि काही वाईट असल्या म्हणजे बाक येतोच, असे नाही. समजा, दोनच तुकडे आहेत. एकात १ एकक मका किंवा २ एकके कापूस होतो. दुसरा दुप्पट कसदार असून त्यात २ एकके मका किंवा ४ एकके कापूस होतो. दुसरा तुकडा नि:संशय चांगला आहे. परंतु दोहोंतही १ एकक मक्यासाठी २ एकके कापूसच सोडावा लागतो. कोणताही तुकडा आधी घेतला तरी उतार तोच राहतो आणि रेषा सरळ येते. बाक येतो तो जमिनींच्या कसातील फरकामुळे नव्हे. दोन पिकांमधील अदलाबदलीचे प्रमाण जमिनीगणिक निराळे असते म्हणून. डेव्हिड रिकार्डो याने १८१७ साली इंग्लंड आणि पोर्तुगाल यांच्यामधील कापड व मद्य यांच्या व्यापाराविषयी जे तत्त्व मांडले, तेच येथे एका शेताच्या बांधाआड काम करीत असते. कोण अधिक पिकवतो यापेक्षा कोणाला त्यासाठी काय सोडावे लागते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

क्रम चुकला तर काय होईल, हेही याच शेतावर पाहता येते. शेतकऱ्याने १ एकक मक्यासाठी मुरमाड तुकड्याऐवजी खोल काळा तुकडा दिला, तर मका १ च मिळेल आणि कापूस ६ उरेल. हा बिंदू रेषेच्या आत पडतो. कारण तेवढ्याच मक्याबरोबर ९ एकके कापूस मिळणे शक्य होते. रेषेच्या आतील बिंदू म्हणजे बेकारी किंवा पडीक जमीन, असे विद्यार्थी पाठ करतात. येथे एकही तुकडा पडीक नाही, एकही हात रिकामा नाही. तरीसुद्धा ३ एकके कापूस विनाकारण गेला. सर्व साधने कामाला लावणे पुरेसे नसून प्रत्येक साधन योग्य कामाला लावणे आवश्यक आहे, हे त्यावरून ध्यानात येते. आणखी एक गोष्ट अशी, की या आतल्या बिंदूवरून रेषेवर येण्यास काहीही सोडावे लागत नाही. तुकड्यांची अदलाबदल केली, की मका तेवढाच राहून कापूस ६ वरून ९ होतो. वैकल्पिक परिव्ययाचे वाचन रेषेवर उभे राहूनच करायचे असते. आतल्या बिंदूपासून मोजलेले अंतर परिव्यय दाखवीत नाही.

या शेताची रेषा नीट पाहिली, तर ती गोलसर नसून चार सरळ तुकड्यांची आहे आणि त्यांच्या सांध्यावर कोपरे आहेत. पुस्तकातील गोलसर वक्र हा असंख्य लहान तुकड्यांचा वक्र होय. तेथे एखाद्या बिंदूवरील परिव्यय त्या बिंदूला टेकणाऱ्या स्पर्शिकेच्या उतारावरून वाचतात. कोपऱ्यावर मात्र एकच उत्तर नसते. ‘क’ बिंदूवर मका २ आणि कापूस ७ आहे. आणखी १ एकक मका घ्यायचा तर ३ एकके कापूस सोडावा लागेल. परंतु हातातला १ एकक मका परत दिला, तर २ च एकके कापूस परत मिळेल. म्हणून ‘क’ वरील परिव्यय किती, या प्रश्नाला कोणत्या दिशेने जायचे आहे हा प्रतिप्रश्न करावा लागतो. हे दोन आकडे, २ आणि ३, ध्यानात ठेवण्याजोगे आहेत.

कारण आतापर्यंत जो बाक केवळ परीक्षेचा विषय वाटला असेल, त्याचा व्यवहाराशी संबंध येथे येतो. समजा, बाजारात १ एकक मक्याला अडीच एकके कापसाएवढा भाव आहे. एखादा हिशेबनीस रेषेची दोन टोकेच पाहतो. एका टोकाला १० कापूस, दुसऱ्या टोकाला ४ मका, भागाकार अडीच. बाजारभावही अडीचच. तेव्हा तो निष्कर्ष काढतो, की मका घ्या किंवा कापूस घ्या, फरक काहीच नाही. टोकांपुरते त्याचे म्हणणे खरे आहे. सर्व कापूस घेतला तर उत्पन्न १० एकके कापसाएवढे. सर्व मका घेतला तरी ४ गुणिले अडीच, म्हणजे १० च. परंतु मधले बिंदू मोजावेत. ‘ब’ वर १ मका आणि ९ कापूस, यांचे मोल साडेअकरा होते. ‘क’ वर २ मका आणि ७ कापूस, मोल १२. ‘ड’ वर ते पुन्हा साडेअकरा. म्हणजे ‘क’ बिंदूवरील शेतकऱ्याच्या पदरी दोन्ही टोकांपेक्षा २ एकके कापसाएवढे अधिक पडते. जमीन तीच, श्रम तेच, भाव तोच. हा जास्तीचा लाभ बाकानेच दिला; आणि ज्याने सरासरी वाचली, त्याला तो दिसलाच नाही.

‘क’ बिंदूच का, हेही आता सांगता येते. मुरमाड आणि हलक्या तुकड्यांत १ एकक मक्यासाठी अनुक्रमे १ आणि २ एकके कापूस जातो. बाजार अडीच देतो, म्हणून तेथे मका घेणे फायद्याचे. मध्यम काळ्या तुकड्यात ३ जातात आणि खोल काळ्यात ४. बाजार अडीचच देतो, म्हणून तेथे कपाशी ठेवणे शहाणपणाचे. भाव २ आणि ३ यांच्या दरम्यान कोठेही असला, तरी निर्णय हाच राहील. त्यामुळे भाव थोडा हलला तरी पिकांची वाटणी जागची हलत नाही. तो ३ च्या पलीकडे गेला, म्हणजे मात्र एक संपूर्ण तुकडा पीक बदलतो. बाहेरून पाहणाऱ्याला यात शेतकऱ्याचा हट्ट दिसतो. प्रत्यक्षात तो कोपऱ्यावर उभा असतो.

रेषेचे वाचन एकदा जमले, की तिच्या हालचालीही फसवीत नाहीत. कपाशीचे असे नवे बियाणे आले की ज्याने प्रत्येक तुकड्यातील कापूस दुप्पट झाला, तर उभ्या अक्षावरील टोक १० वरून २० वर जाईल. मक्याचे टोक ४ वरच राहील. तक्ता २०, १८, १४, ८ आणि शून्य असा होईल आणि मक्याचा परिव्यय २, ४, ६, ८. मक्याच्या शेतीत काडीचाही बदल झालेला नाही, तरीही मका पूर्वीपेक्षा दुप्पट महाग झाला. कारण त्याच्यासाठी आता जे सोडावे लागते, ते दुप्पट झाले आहे.

मका आणि कापूस हे निमित्त आहे. हॅबरलर या ऑस्ट्रियन अर्थशास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय व्यापाराची उपपत्ती अशाच वक्राच्या आधाराने मांडली. अमेरिकेतील सॅम्युएलसन यांच्या १९४८ सालच्या सुप्रसिद्ध पाठ्यपुस्तकात तोफा आणि लोणी यांचा तक्ता आला. त्यात लोणी शून्यापासून ५ पर्यंत वाढत जाते आणि तोफा १५, १४, १२, ९, ५ व शून्य अशा कमी होत जातात. येथेही पावलांचे परिव्यय काढले, तर १, २, ३, ४ आणि ५ असेच येतात. जे कारागीर आणि जी यंत्रे लोण्याच्या कामाला सहज जुळतील, ती आधी हलवली जातात. तोफा ओतणारा कसबी कारागीर गोठ्यात पाठवण्याची वेळ सर्वांत शेवटी येते.

सर्वच वक्र असे बाहेर फुगलेले नसतात. साधने दोन्ही कामांना एकाच प्रमाणात उपयोगी पडत असतील, तर रेषा सरळ येते. आणि मोठ्या प्रमाणावर काम केल्यानेच एखादी वस्तू स्वस्त होत असेल, तर रेषा आतल्या बाजूला वळते आणि प्रत्येक पुढचे पाऊल मागच्याहून स्वस्त पडते. म्हणून परिव्यय नेहमी वाढतच जातो, असे पाठ करून चालणार नाही; समोरच्या रेषेचा बाक पाहूनच ते ठरवावे लागते. त्याचप्रमाणे कोणता बिंदू निवडावा, हे रेषा स्वतः सांगत नाही. ते सांगण्यासाठी बाजारभाव लागतो, किंवा घराची अथवा राष्ट्राची गरज लागते. पुढच्या एका पावलासाठी काय सोडावे लागेल, एवढेच रेषा सांगते. आणि तेही सरासरीने नव्हे, ज्या ठिकाणी आपण उभे आहोत तेथून मोजून.